अपडेटनंतरचा बुधवार: अठरा संगणकांच्या गेमिंग कॅफेची देखभाल कशी बसवली

सांगलीत विश्रामबाग भागात माझा अठरा संगणकांचा गेमिंग कॅफे आहे. जून ते ऑक्टोबर २०२५ या काळात मी त्याच्या देखभालीची पद्धत नव्याने बसवली. त्याआधी कोणत्याही गेमचे मोठे अपडेट आले की पुढचे दोन दिवस एरर, रिस्टार्ट आणि परत द्यावे लागणारे पैसे यांतच जात. असा कॅफे चालवणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा, म्हणून घडले त्या क्रमाने सगळे लिहून ठेवते आहे.

आधी आमची मांडणी सांगते, कारण बहुतेक त्रास तिच्यातूनच निघाला. प्रत्येक संगणकात C आणि D असे दोन भाग आहेत. C वर विंडोज आहे आणि त्याला आम्ही ज्याला ‘फ्रीझ’ म्हणतो ते सॉफ्टवेअर लावलेले आहे. दिवसभर C वर काहीही बदलले तरी संगणक पुन्हा सुरू केला की तो भाग होता तसा होतो. D वर गेम आहेत आणि तो भाग मोकळा आहे, कारण रोज पन्नास-साठ जीबीचे गेम पुसले जाणे परवडणार नाही. फ्रीझ काढून टाकावे असा सल्ला मला अनेकांनी दिला, पण सार्वजनिक वापराच्या संगणकावर ते शक्य नाही. मुले खाते लॉगइन ठेवून निघून जातात, कुठून तरी चीट उतरवून बसवतात, ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवतात. हे सगळे एका रिस्टार्टमध्ये साफ होते, म्हणूनच एकाचे खाते दुसऱ्याच्या हाती पडत नाही.

जुलैतल्या एका बुधवारी सकाळी कॅफे उघडल्यावर दहा मिनिटांत तक्रारी सुरू झाल्या. “ताई, व्हॅलोरंट रिस्टार्ट मागतोय.” मुलाने रिस्टार्ट केले, गेम उघडला, तर पुन्हा तोच संदेश आला. शेजारच्या संगणकावर तेच, त्याच्या पलीकडेही तेच. गेम नव्याने बसवून पाहू, असे संध्याकाळी काम करणाऱ्या महाविद्यालयीन मुलाने सुचवले आणि एका संगणकावर ते केलेही. बराच वेळ गेम उतरत राहिला, मग तासभर नीट चालला, पण पुढच्या रिस्टार्टनंतर पुन्हा तोच संदेश आला.

उलगडा झाला तो अकरा नंबरच्या संगणकामुळे. त्यावर गेम पहिल्या रिस्टार्टनंतर व्यवस्थित चालू झाला होता आणि दिवसभर चालत राहिला. त्याची एसएसडी आठवडाभरापूर्वी बदलली होती आणि नवी डिस्क नीट चालते की नाही हे पाहण्यासाठी त्यावर फ्रीझ अजून लावलेले नव्हते. बाकी हार्डवेअर, विंडोज, गेम सगळे सारखेच होते, फरक फक्त एवढाच होता.

त्यावरून कारण समजले. व्हॅलोरंटची मुख्य फाइल आमच्याकडे D वर आहे, पण त्याबरोबर येणारी चीट-विरोधी यंत्रणा, व्हॅनगार्ड, ही `C:\Program Files\Riot Vanguard` इथेच बसते, ती D वर हलवता येत नाही. तिचा एक भाग ड्रायव्हर आहे आणि तो विंडोज सुरू होतानाच लोड व्हावा लागतो, म्हणून व्हॅनगार्डचे अपडेट आले की रिस्टार्ट लागते. आमच्याकडे गेमचे अपडेट D वर टिकत होते, व्हॅनगार्डचे अपडेट मात्र ज्या रिस्टार्टने पूर्ण व्हायचे त्याच रिस्टार्टमध्ये फ्रीझ ते पुसून टाकत होते. नवा गेम आणि जुने व्हॅनगार्ड अशी जोडी दर वेळी पुन्हा तयार होत होती. यात ना गेमचा दोष होता ना फ्रीझचा. अर्धे अपडेट लक्षात ठेवणाऱ्या डिस्कवर आणि अर्धे विसरणाऱ्या डिस्कवर पडत होते, एवढेच.

हे एकदा दिसल्यावर इतर जुन्या तक्रारींचाही अर्थ लागत गेला. एपिकचा लाँचर गेम कोणत्या आवृत्तीचा आहे याची नोंद `C:\ProgramData\Epic` मध्ये ठेवतो. D वरचा गेम नवा आणि C वरची नोंद जुनी असली की तो रोज सकाळी गेम तपासायला घेतो. स्टीमचा प्रोग्राम आम्ही C वर बसवलेला होता, त्यामुळे तो रोज स्वतःचे अपडेट नव्याने उतरवत असे. स्टीम मात्र D वर बसवता येतो. तो हलवल्यावर ती तक्रार कायमची मिटली. म्हणून पहिले काम मी हे केले की एका वहीत प्रत्येक गेमपुढे लिहिले: फाइल कुठे, नोंदी कुठे, सेवा किंवा ड्रायव्हर कुठे. जे D वर नेता आले ते नेले. जे C वरच राहणार होते, त्यासाठी फ्रीझ काढण्याची ठरलेली वेळ हवी होती.

वेळ ठरवताना बुधवार सकाळ निवडली, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात आणि आपल्याकडे ती मंगळवारी रात्री उशिरा पोचतात. अमेरिकेतल्या गेम कंपन्यांची बरीच अपडेटही मंगळवारी निघतात, म्हणजे आपल्याकडे ती बुधवारी सकाळी दिसतात. आम्ही कॅफे अकराला उघडतो, म्हणून बुधवारी आठ ते अकरा ही देखभालीची वेळ झाली. मदतनीस मुलाला त्या सकाळचे वेगळे ४०० रुपये देते.

त्याच वेळी अपडेटचे दोन वर्ग केले आणि माझ्या मते सगळ्या योजनेत हाच निर्णय सर्वांत कामाचा ठरला. ऑनलाइन गेम आणि त्याची चीट-विरोधी यंत्रणा यांचे अपडेट थांबवता येत नाही, कारण जुन्या आवृत्तीने सर्व्हरला जोडताच येत नाही. विंडोज आणि ग्राफिक्स ड्रायव्हर यांचे मात्र थांबवता येते. विंडोज प्रोमध्ये मासिक अपडेट तीस दिवसांपर्यंत पुढे ढकलण्याची सोय आहे. मी ती दुसऱ्या मंगळवारनंतरच्या बुधवारी न घेता त्याच्या पुढच्या बुधवारी घेते. ग्राफिक्स ड्रायव्हर नवा आला म्हणून बदलत नाही, एखाद्या गेमला त्याची गरज असेल तरच बदलते, आणि तोही आधी आठवडाभर एकाच संगणकावर. एका सकाळी गेम, विंडोज आणि ड्रायव्हर तिन्ही बदलले आणि दुपारी गेम बंद पडू लागला, तर दोष कुणाचा हे शोधायला काही धागाच उरत नाही.

पहिला संगणक काउंटरजवळचा आहे. त्याला आम्ही ‘एक नंबर’ म्हणतो. तो ग्राहकांना देत नाही. अठरातला एक कमी झाल्याने उत्पन्न घटते, हे मान्य, पण अपडेट आधी तिथेच घेतले जाते आणि बाकी सतरा त्याच्या बरोबरीला आणले जातात. तिथे काम करताना क्रम फार काटेकोर पाळावा लागतो. फ्रीझ काढायचे, रिस्टार्ट करायचे, लाँचर उघडून गेम आणि व्हॅनगार्ड दोन्ही अपडेट होऊ द्यायचे, मग पुन्हा रिस्टार्ट करायचे, कारण नवा ड्रायव्हर त्यानंतरच लोड होतो. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये हे पाहायचे:

```
sc query vgk
sc query vgc
```

पहिली ओळ ड्रायव्हरची आहे. तिच्या उत्तरात `RUNNING` दिसले पाहिजे. दुसरी सेवा गेम उघडल्यावर सुरू होते, म्हणून ती आधी `STOPPED` दिसली तर घाबरू नये. त्यानंतर सराव मैदानात दहा मिनिटे खेळून पाहायचे आणि मगच फ्रीझ परत लावायचे.

दुसऱ्या रिस्टार्टच्या आधी फ्रीझ लावले तर अपूर्ण स्थितीच कायमची होते. विंडोजच्या अपडेटमध्ये हे आणखी त्रासदायक असते. ‘रिस्टार्ट आवश्यक’ असा संदेश प्रलंबित असताना फ्रीझ लावले, की रोज सकाळी संगणक सुरू होताना अपडेटचे काम करू लागतो, ते संपते, आणि पुढच्या रिस्टार्टला पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणून फ्रीझ लावण्याआधी विंडोज अपडेटच्या पानावर काहीही प्रलंबित नाही, हे डोळ्यांनी पाहण्याचा नियम केला.

सरावात खेळून पाहण्याचा आणखी एक उपयोग नंतर लक्षात आला. “अपडेटपासून गेम अडकत चालतो” ही तक्रार एरर दाखवत नाही, म्हणून ती पकडणे अवघड जाते. गेम किंवा ड्रायव्हर बदलला की ग्राफिक्ससाठी लागणारे शेडर पुन्हा तयार करावे लागतात, आणि तयार झालेले शेडर वापरकर्त्याच्या AppData फोल्डरमध्ये, म्हणजे C वर साठतात. फ्रीझमुळे ते रोज पुसले जात होते आणि दिवसाचा प्रत्येक पहिला खेळाडू ते नव्याने तयार होण्याची वाट पाहत होता. आता फ्रीझ काढलेल्या स्थितीतच मुख्य गेम एकदा उघडून थोडे खेळतो आणि तयार साठ्यासह फ्रीझ लावतो. हे करताना ग्राहक वापरतात त्याच विंडोज खात्यात असावे लागते. अ‍ॅडमिनच्या खात्यात खेळून तयार झालेला साठा ग्राहकाच्या खात्याला मिळत नाही.

योजनेची खरी परीक्षा जुलैच्या अखेरीस झाली. व्हॅलोरंट तेव्हा अनरियल इंजिन ५ वर गेला आणि ते अपडेट नेहमीपेक्षा बरेच मोठे होते. आमची जोडणी ३०० एमबीपीएसची आहे. हिशेबासाठी अपडेट २० जीबीचे धरले, तर अठरा संगणकांनी ते स्वतंत्रपणे उतरवायला ३६० जीबी लागतात आणि जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी पावणेतीन तासांच्या आसपास वेळ जातो. म्हणजे सगळी सकाळ केवळ उतरवण्यातच संपते. एकाच संगणकावर उतरवले तर तेच नऊ-दहा मिनिटांत होते. तिथून बाकी सतरांना आतल्या नेटवर्कवरून द्यायचे, असे ठरवले.

इथे नेटवर्कचा जुना स्विच आडवा आला. तो १०० एमबीपीएसचा होता. एका संगणकातून सतरा जणांना २० जीबी द्यायचे तर त्याला साडेसात तास लागले असते, कारण देणाऱ्याची तार एकच असते. २४ पोर्टचा गिगाबिट स्विच सुमारे ७,००० रुपयांना घेतला, बिल जीएसटीसह घेतले. त्यावर हेच काम तासाभरात बसते. स्विच बदलल्यावर केबलही पाहाव्यात. आमच्या तीन केबलची टोके खराब होती आणि गिगाबिट स्विचला जोडूनही ते संगणक १०० वरच चालत होते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जोडणीचा वेग लिहिलेला असतो, तिथे हे कळते.

स्टीमच्या गेमसाठी वेगळे काही करावे लागत नाही. २०२३ पासून स्टीममध्ये आतल्या नेटवर्कवरून गेमच्या फाइल देण्याची सोय आहे. ती डाउनलोडच्या सेटिंगमध्ये चालू असावी लागते, आणि दोन्हीकडे वेगवेगळी खाती असतील तर कुणालाही देण्याची परवानगी तिथेच द्यावी लागते. इतर गेमसाठी आम्ही एक नंबरवरचे फोल्डर केवळ वाचता येईल असे शेअर केले आणि बाकी संगणकांवर ही आज्ञा चालवतो:

```
robocopy "\\PC01\Games\VALORANT" "D:\Riot Games\VALORANT" /MIR /R:1 /W:2
```

यातला `/MIR` हा भाग दोन्ही फोल्डर तंतोतंत सारखे करतो, म्हणजे दुसरीकडे जास्तीचे असेल ते पुसूनही टाकतो. दोन पत्ते उलटे लिहिले गेले तर नव्या फाइल जातील आणि जुन्या राहतील, म्हणून शेअर केवळ वाचण्यापुरते असणे आवश्यक आहे. प्रत उतरली की लाँचर स्वतः तपासणी करतो आणि थोडेफार राहिलेले उतरवून घेतो. त्यानंतर व्हॅनगार्डसाठीचा फ्रीझ काढण्याचा आणि दोन रिस्टार्टचा क्रम प्रत्येक संगणकावर करावाच लागतो. तो टाळण्याचा मार्ग मला सापडलेला नाही. सहा-सहा संगणकांचे गट करून आम्ही तो सव्वा तासात उरकतो.

सगळे बरोबरीला आले का, हे पाहण्यासाठी स्टीमच्या गेमचा बिल्ड क्रमांक तपासतो. उदाहरणार्थ, काउंटर-स्ट्राइक २ साठी:

```
findstr "buildid StateFlags" "D:\SteamLibrary\steamapps\appmanifest_730.acf"
```

`StateFlags` पुढे 4 असेल तर गेम पूर्ण बसलेला आहे. `buildid` एक नंबरशी जुळत नसेल तर त्या संगणकावर अपडेट अर्धवट राहिले आहे, हे ग्राहक बसण्याआधीच कळते.

ऑगस्टअखेर गणपतीत संध्याकाळची गर्दी कमी होती, तेव्हा विंडोज ११ चे काम काढले. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता आणि ते शेवटच्या आठवड्यावर ढकलायचे नव्हते. आमचे सर्व संगणक त्यासाठी पात्र होते. बदल सुरळीत झाला. पण सप्टेंबरच्या मध्यावर चार संगणकांवर सकाळी `VAN9003` असा एरर आला. विंडोज ११ वर व्हॅनगार्डसाठी टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असाव्या लागतात, आणि हा क्रमांक सिक्युअर बूट बंद असल्याचा आहे. ते आम्ही अठराही संगणकांवर स्वतः चालू केले होते, म्हणून मदतनीस मुलाला वाटले की विंडोजच्या अपडेटने ते बंद केले.

मला ते पटले नाही, कारण तेच अपडेट सर्वांवर होते आणि एरर चारच ठिकाणी होता. अशा वेळी त्या चारांत समान काय आहे ते शोधावे. चौघांच्याही घड्याळात तारीख चुकीची होती. हे चारही संगणक पहिल्या खरेदीतले, सर्वांत जुने. आम्ही रात्री विजेचा मुख्य स्विच बंद करतो, त्यामुळे मदरबोर्डवरच्या सेटिंग रात्रभर सीआर२०३२ या गोल बॅटरीवरच टिकतात. बॅटरी संपली होती, बायोस मूळ सेटिंगवर गेले होते, आणि त्यात सिक्युअर बूट बंद होते. बॅटरी ४० रुपयांना एक मिळाली. ती बदलून, बायोसमध्ये सिक्युअर बूट पुन्हा चालू केले आणि `msinfo32` उघडून ‘Secure Boot State’ पुढे `On` दिसल्याची खात्री केली. रॅमचा वेगही मूळ सेटिंगवर गेलेला होता, तोही परत लावला, नाहीतर एरर गेला तरी गेम मंद चालला असता. बाकी चौदांच्या बॅटऱ्याही त्याच आठवड्यात बदलून घेतल्या.

तेव्हापासून कोणतीही तक्रार आली की आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो हा: किती संगणकांवर? एकाच संगणकावर असेल तर त्या गेमच्या फाइल तपासून घेतो, आणि तरी बंद पडत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘Application Error’, क्रमांक 1000 ची नोंद उघडून दोषी फाइलचे नाव पाहतो. तिथे दर वेळी वेगळेच नाव येत असेल तर मला रॅमचा संशय येतो आणि मी रात्रभर मेमरी चाचणी लावते. काहींवर असेल तर त्यांच्यातले समान सूत्र शोधतो. सगळ्यांवर असेल तर आधी मोबाइल डेटावर गेमचे सर्व्हर स्थितीचे पान पाहतो, कारण सर्व्हरच बंद असेल तर आपल्याकडे काहीही करण्यात अर्थ नसतो. सर्व्हर ठीक असेल तर फ्रीझ आणि C-D ची जोडी तपासतो. गेमच नव्याने बसवणे हा शेवटचा उपाय. जुलैत त्याने एक दुपार वाया गेली होती.

नोंदींविषयी एक सरकारी बाब इथे सांगायला हवी. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार ग्राहकाची ओळख आणि वापराची नोंदवही किमान एक वर्ष जपावी लागते, आणि कोणती संकेतस्थळे पाहिली गेली याच्या नोंदीही तितकाच काळ ठेवाव्या लागतात. C फ्रीझ असेल तर ब्राउझरचा इतिहास रोज पुसला जातो, म्हणून या नोंदी काउंटरच्या संगणकावर, फ्रीझ नसलेल्या डिस्कवर घेतल्या जातात आणि दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर प्रत होते. वार्षिक देखभालीचा करार करतानाही यावेळी कागदावर लिहून घेतले की फ्रीझचा पासवर्ड माझ्याकडे राहील आणि तंत्रज्ञाने फ्रीझ काढले तर ते परत लावल्याची वहीत सही करेल. आधी या गोष्टी तोंडी होत्या. करारात त्या घालायला तीन आठवडे फोन करावे लागले, पण त्याचे वेगळे पैसे लागले नाहीत.

वहीत प्रत्येक संगणकाला एक पान आहे. त्यावर तारीख, काय बदलले, ड्रायव्हरची आवृत्ती आणि एरर आला असल्यास त्याचे शब्द जसेच्या तसे लिहितो. “गेम चालत नाही” असे लिहायला मनाई आहे, पडद्याचा फोटो काढून त्यावरून लिहायचे. सप्टेंबरमध्ये ते चार संगणक एकाच खरेदीतले आहेत हे मला या पानांवरूनच कळले.

१४ ऑक्टोबरचा मंगळवार हा विंडोजच्या मासिक अपडेटचाही दिवस होता आणि पुढच्या आठवड्यात दिवाळी. ठरल्याप्रमाणे ते अपडेट २२ तारखेच्या बुधवारी घ्यायचे होते, पण दिवाळीच्या सुट्टीत मुलांची गर्दी सर्वाधिक असते, म्हणून एक नंबरवर ते २२ ला घेतले आणि बाकी सतरांवर २९ ला. ढकलण्याची मुदत तीस दिवसांची असल्याने ते बसले. गेमची अपडेट मात्र त्या दोन्ही बुधवारी सकाळी आठलाच घेतली.